कर्जाची तक्रार : शाखेपासून बँकिंग लोकपालापर्यंत



मंडळाच्या सभासदांकडून आमच्याकडे बँकेच्या कामाविषयी जी विचारणा होते, तिच्यात अलीकडे एक तक्रार वारंवार आढळते. कर्ज फिटले, शेवटचा हप्ताही भरला, पण घराचे मूळ कागद बँकेकडून परत मिळत नाहीत. मुलामुलींच्या उच्च शिक्षणासाठी ज्यांनी राहते घर तारण ठेवले, त्यांच्या बाबतीत हे विशेष घडते. आम्ही स्वतः बँकेत काउंटरवर बसणारे कारकून. टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या असल्यामुळे या एकाच प्रकारच्या तक्रारीचा मार्ग येथे सविस्तर सांगावा असे ठरविले. कर्जाच्या इतर तक्रारींनाही मार्ग हाच आहे. फक्त कागद वेगळे लागतात.

प्रथम नियम पाहू. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी एक परिपत्रक काढले. व्यक्तीने घेतलेले कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत बँकेने तारणाचे सर्व मूळ कागद परत द्यावेत आणि नोंदविलेला बोजा उतरवावा, असे त्यात सांगितले. बँकेच्या दोषामुळे उशीर झाल्यास प्रत्येक दिवसाला रु. ५,००० प्रमाणे भरपाई बँकेने कर्जदाराला द्यायची. कागद हरवले किंवा खराब झाले असतील, तर नक्कल मिळविण्यास मदत करणे आणि तिचा खर्च सोसणे हेही बँकेवरच येते. मात्र अशा वेळी बँकेला आणखी ३० दिवस मिळतात आणि भरपाई एकूण ६० दिवसांनंतर मोजली जाते. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत देणे होते, त्या सर्वांना हा नियम लागू झाला. यात गृहकर्ज येते हे पुष्कळांना ठाऊक आहे. शैक्षणिक कर्जही येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आता एक प्रकरण पाहू. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून तारखा थोड्या पुढेमागे केल्या आहेत. त्यांच्यामधील अंतर तेच ठेवले आहे.

महानगरपालिकेतून निवृत्त झालेल्या एका बंधूंनी मुलीच्या अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी साडेनऊ लाखांचे कर्ज घेतले होते. कर्जदार मुलगी, सहकर्जदार वडील, आणि तारण वडिलांच्या नावावरील दोन खोल्यांचा गृहनिर्माण संस्थेतील फ्लॅट. मुलगी पुण्यात नोकरीला लागली आणि तिने हप्ते वेळच्या वेळी भरले. शेवटचा हप्ता ५ जून २०२४ रोजी गेला. घरात समजूत अशी झाली की कर्ज संपले.

पण हप्ता संपणे आणि कर्जखाते बंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याज दिवसागणिक आकारले जाते, त्यामुळे शेवटच्या हप्त्यानंतरही खात्यावर शेदोनशे किंवा चारपाचशे रुपये उरतात. या प्रकरणात ४१२ रुपये उरले होते. वडिलांनी १० जूनला शाखेत जाऊन आजच्या तारखेपर्यंतचे एकूण येणे किती, असे विचारले. तेवढी रक्कम भरली, खाते बंद करण्याचा अर्ज दिला, आणि शून्य बाकी दाखविणारा खातेउतारा व येणे नसल्याचा दाखला घेतला. हा दाखला नसता तर पुढे बँकेला सहज म्हणता आले असते की कर्ज पूर्ण फिटलेलेच नव्हते, मग ३० दिवस सुरू तरी कधी झाले? तेव्हा मोजणीची पहिली तारीख १० जून. तिच्यापासून ३० दिवस म्हणजे १० जुलै. ११ जुलैपासून उशीर सुरू झाला.

या महिनाभरात वडिलांनी शाखेत पाच फेऱ्या मारल्या. कागद शाखेत नसतात, ते मध्यवर्ती अभिलेख केंद्रात असतात, मागविले आहेत, पुढच्या आठवड्यात या, असे सांगितले गेले. ही माहिती खोटी नव्हती. तारणाचे कागद बऱ्याच बँका आता एका ठिकाणी साठवतात आणि तेथून ते यायला वेळ लागतो. पण नियमाच्या दृष्टीने बँक ही एकच आहे. तिची शाखा आणि तिचे अभिलेख केंद्र यांच्यात काय चालले आहे, याच्याशी कर्जदाराला कर्तव्य नाही. शिवाय या पाचही फेऱ्या तोंडी होत्या. त्यांची नोंद कोठेही नव्हती, म्हणून तक्रारीच्या हिशेबात त्या धरल्या जात नाहीत. आमच्या अनुभवात बहुतेक प्रकरणे येथेच अडतात. माणूस सहा महिने फेऱ्या मारतो आणि मग आमच्यासमोर येऊन म्हणतो, "साहेब, किती वेळा तक्रार केली!" कागद मागितला तर एकही नसतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे लेखी तक्रार. ती मराठीत चालते. पाल्हाळ नको, राग नको, आणि एका अर्जात एकच मागणी असावी. या प्रकरणात २२ जुलै २०२४ रोजी दिलेला अर्ज साधारण असा होता :

"विषय : कर्ज फिटल्यानंतर तारणाचे मूळ कागद परत न मिळाल्याबाबत तक्रार. आमचे शैक्षणिक कर्जखाते दि. १० जून २०२४ रोजी पूर्ण फेडून बंद केले आहे. येणे नसल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तारण ठेवलेल्या कागदांची आपण दिलेली यादीही सोबत जोडली आहे. रिझर्व्ह बँकेच्या दि. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे हे कागद १० जुलैपर्यंत परत मिळणे आवश्यक होते. ते अद्याप मिळालेले नाहीत. कागद याच शाखेत परत द्यावेत, बोजा उतरवावा, आणि ११ जुलैपासून प्रत्यक्ष परत देईपर्यंतच्या काळाची दररोज रु. ५,००० प्रमाणे भरपाई द्यावी."

खाली मुलीची आणि वडिलांची, दोघांचीही सही होती. हा मुद्दा लहान वाटतो, पण कर्ज मुलीच्या नावावर आणि तारण वडिलांचे असले की केवळ वडिलांच्या अर्जावर "कर्जदाराची तक्रार नाही" अशी हरकत निघू शकते. कागद कोणत्या शाखेत हवेत हेही लिहिलेले बरे. कर्जखाते असलेल्या शाखेतून किंवा कागद जेथे उपलब्ध असतील अशा बँकेच्या दुसऱ्या कार्यालयातून ते घेण्याची निवड कर्जदाराची असते. ती लिहून दिली की "तुम्ही घ्यायला आला नाहीत" हे उत्तर बँकेला देता येत नाही.

अर्जाला जोडलेली कागदांची यादी येथे फार महत्त्वाची ठरली. कर्ज घेताना आपण नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, आधीच्या मालकांचे करार, संस्थेचा भाग दाखला असे कागद देतो. ते देताना बँकेकडून सहीशिक्क्याची यादी मागून घ्यावी. त्या वेळी कर्ज मंजूर होण्याच्या आनंदात कोणाला यादी सुचत नाही आणि आम्ही कारकूनही आपण होऊन देत नाही. जे विद्यार्थी आज कर्जासाठी अर्ज करीत आहेत, त्यांनी हे काम कर्ज घेण्याच्या दिवशीच करावे. दहा वर्षांनी कोणता कागद दिला होता आणि कोणता नव्हता, हा वाद मिटविणारे दुसरे काही हाती नसते.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर पोच घ्यावी. पोच म्हणजे शाखेचा गोल शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. नुसता शिक्का पुरेसा नाही. तारीख नसलेल्या शिक्क्यावरून पुढे काहीच मोजता येत नाही. काही शाखांत "साहेब आल्यावर घेतो, ठेवून जा" असे म्हणतात. अशा वेळी हुज्जत घालू नये. तोच अर्ज पोच मिळेल अशा तऱ्हेने स्पीड पोस्टाने पाठवावा आणि शाखेच्या ईमेलवरही टाकावा. (पूर्वीचे रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळले गेले आहे, म्हणून पोस्टात त्याच नावाने मागणी करावी.) बँकेच्या ग्राहक तक्रार यंत्रणेत तक्रार नोंदवून क्रमांक घेतला तर आणखी चांगले. फोनवर तक्रार केल्यास क्रमांक जरूर लिहून घ्यावा. मात्र फोनच्या भरवशावर लेखी अर्ज टाळू नये.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बँकेकडे लेखी तक्रार पोहोचल्यापासून ३० दिवस हा बँकेचा वेळ. तेवढ्यात उत्तर आले नाही, किंवा तक्रार पूर्णतः वा अंशतः फेटाळली, किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर बँकिंग लोकपालाकडे जाता येते. हे ३० दिवस संपूर्ण बँकेचे मिळून एकदाच मोजले जातात. शाखेचे ३० दिवस, मग विभागीय कार्यालयाचे ३० दिवस, मग मुख्य कार्यालयाचे ३० दिवस, असे ते नाहीत. पण लोकांना तसेच वाटते, आणि कधी कधी शाखेतूनही तसेच सांगितले जाते. "आता तुम्ही नोडल अधिकाऱ्याकडे लिहा, तेथून उत्तर येईपर्यंत थांबा," असे म्हटले की माणूस घड्याळ पुन्हा शून्यापासून लावतो. ते लावू नये. घड्याळ पहिल्या पोचेपासूनच चालते. म्हणूनच त्या पहिल्या शिक्क्यावरील तारखेला आम्ही एवढे महत्त्व देतो.

मग नोडल अधिकाऱ्याकडे जायचेच कशाला, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. आमचे मत असे की जावे, पण त्याच ३० दिवसांच्या आत जावे. नोडल अधिकारी हा तक्रारींसाठी बँकेने नेमलेला वरिष्ठ अधिकारी असतो आणि लोकपालासमोर बँकेची बाजू मांडण्याची जबाबदारी प्रधान नोडल अधिकाऱ्यावर असते. शाखाधिकाऱ्याला अभिलेख केंद्राकडे केवळ विनंतीच करता येते. त्याच्यावरच्या अधिकाऱ्याला आदेश देता येतो. किती तरी प्रकरणे या पायरीवरच सुटतात, कारण रोज पाच हजारांचा आकडा वाढतो आहे हे शाखेपेक्षा वरच्या कार्यालयाला लवकर कळते. या अधिकाऱ्याचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी शाखेत लावलेला असतो. तो फलक बहुधा पाण्याच्या कूलरमागे किंवा कॅलेंडरखाली सापडतो. शोधावा आणि तेथूनच उतरून घ्यावा. बँकेच्या संकेतस्थळावरही ही माहिती असते.

आपल्या प्रकरणात शाखेने दोन आठवडे काहीच कळविले नाही. म्हणून ५ ऑगस्टला नोडल अधिकाऱ्याला पत्र गेले. त्यात नवी कहाणी लिहिली नाही. २२ जुलैच्या अर्जाची पोच असलेली प्रत जोडली, उत्तर न आल्याचे दोन ओळींत लिहिले, मागणी तीच ठेवली. मागणी प्रत्येक पायरीवर बदलत गेली तर वरच्या पायरीवर हरकत येते की ही मागणी बँकेकडे आधी केलेलीच नव्हती. विशेषतः भरपाईची मागणी पहिल्या अर्जातच असावी.

२० ऑगस्टला विभागीय कार्यालयाचे उत्तर आले : "आपले कागद अभिलेख केंद्राकडून मागविण्यात आले असून प्राप्त होताच कळविण्यात येईल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." पुष्कळ जण असे पत्र आले की निर्धास्त होतात. पण या पत्रात तारीख नाही आणि भरपाईविषयी एक अक्षर नाही. हे वेळ काढणारे पत्र आहे, निर्णय नव्हे. खरा निर्णय ओळखण्याची एक खूण आहे. मोठ्या बँकांत आता अंतर्गत लोकपाल असतो. ग्राहकाची तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळायची असेल तर अंतिम उत्तर देण्याआधी बँकेने ती आपण होऊन त्याच्यापुढे ठेवावी लागते. ग्राहकाने त्याच्याकडे जायचे नसते. तशी सोयही नाही. फेटाळणीच्या पत्रात अंतर्गत लोकपालाने प्रकरण पाहिल्याचा उल्लेख असेल, तर बँकेचे शेवटचे म्हणणे आपल्या हाती आले असे समजावे. तसे काही नसले तर ३० दिवसांची मोजणी पाहावी. येथे २२ जुलैपासूनचे ३० दिवस २१ ऑगस्टला पूर्ण झाले.

हे वेळकाढूपणाचे पत्र मात्र फाडून टाकू नये. त्याचा उपयोग पुढे दिसेल.

बँकिंग लोकपालाची योजना रिझर्व्ह बँकेने प्रथम १९९५ साली सुरू केली. ती २००२ आणि २००६ साली बदलली, आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी बँका, बिगर बँक वित्तीय कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्या वेगवेगळ्या योजना एकत्र करून एकात्मिक लोकपाल योजना आली. जानेवारी २०२६ मध्ये रिझर्व्ह बँकेने तीही सुधारून १ जुलै २०२६ पासून लागू होणारी योजना जाहीर केली. म्हणून तक्रार करण्याच्या दिवशी लागू असलेली योजना एकदा वाचून पाहावी. बाहेरची मुदत २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाची होती. उत्तरच आले नसेल तर तक्रारीपासून एक वर्ष आणि ३० दिवसांची होती. पण मुदतीच्या शेवटाकडे पाहत बसणे आम्हांला मुळीच पसंत नाही. ३० दिवस संपल्यावर महिन्याभरात तक्रार जावी, म्हणजे मुदतीचा प्रश्नच उरत नाही.

तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर नोंदविता येते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी विहित नमुन्यात कागदावर लिहून रिझर्व्ह बँकेच्या चंदीगड येथील केंद्रीय तक्रार स्वीकृती व प्रक्रिया केंद्राकडे पोस्टाने पाठवावी. तेथून ती योग्य लोकपाल कार्यालयाकडे जाते. १४४४८ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. कोठेही शुल्क नाही. "लोकपालाकडे काम करून देतो" म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर तो आपला माणूस नव्हे हे ओळखावे. वकिलामार्फत तक्रार करता येत नाही, पण वकील नसलेल्या प्रतिनिधीला लेखी अधिकार देता येतो. आपल्या प्रकरणात मुलीने पुण्याहून वडिलांना असा अधिकार दिला.

या पायरीवर दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे बँकेकडे लेखी तक्रार न करता थेट लोकपालाकडे लिहिणे, किंवा ३० दिवस पूर्ण होण्याआधी लिहिणे. अशी तक्रार गुणवत्तेत न जाताच बंद होते. दुसरी चूक कार्यकर्त्या मंडळींकडून अधिक होते. बँकेला लिहिलेल्या पत्राखाली "प्रत माहितीसाठी : रिझर्व्ह बँक, अर्थमंत्री, बँकिंग लोकपाल" अशी लांब यादी टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. लोकपाल अशी प्रत तक्रार म्हणून घेत नाही. तक्रार थेट त्यालाच उद्देशून असली पाहिजे. याच विषयावर न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तरीही लोकपाल हात घालत नाही, म्हणून आधी कोठे जायचे ते ठरवून मगच पाऊल टाकावे.

२८ ऑगस्टला संकेतस्थळावर तक्रार गेली. सोबत येणे नसल्याचा दाखला, शून्य बाकीचा उतारा, कागदांची यादी, २२ जुलैची पोच, ५ ऑगस्टचे पत्र आणि २० ऑगस्टचे उत्तर एवढेच सहा कागद होते. मजकुरात तारखा ओळीने लिहिल्या होत्या. लोकपालाचे कार्यालय अशी तक्रार बँकेकडे पाठवून तिचे म्हणणे मागविते. २०२१ च्या योजनेप्रमाणे बँकेला त्यासाठी १५ दिवस असत. या हालचालीनंतर अभिलेख केंद्र एकाएकी जागे झाले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्व कागद शाखेत मिळाले.

येथे वडील थांबणार होते. संस्थेच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला होता, विकासक मूळ करारनामा पाहिल्याशिवाय सही करीत नव्हता, आणि राहते घर हातचे जाते की काय ही काळजी दोन महिने घरात होती. कागद मिळाल्यावर काळजी मिटली. शाखेतून सुचविण्यात आले की आता तक्रार मागे घ्या. आम्ही सांगितले की कागदांची मागणी पूर्ण झाली एवढे लोकपालाला जरूर कळवा, परंतु भरपाईची मागणी शिल्लक आहे हेही त्याच पत्रात लिहा. "माझे समाधान झाले आहे" असे छापील पत्र पुढे आले तर सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे. एकदा सही गेली की त्या तक्रारीत मागण्यासारखे काही उरत नाही.

लोकपालाचा पहिला प्रयत्न दोन्ही बाजूंत समझोता घडविण्याचा असतो. बँकेने तेथे वेगळाच हिशेब मांडला. कागद सापडत नव्हते, म्हणजे ते हरवल्यासारखेच होते, म्हणून ३० ऐवजी ६० दिवस धरावेत. १० जूनपासून ६० दिवस ९ ऑगस्टला संपतात. १० ऑगस्ट ते २९ सप्टेंबर हे ५१ दिवस होतात, आणि पाच हजारांनी रु. २,५५,००० होतात. वडिलांचा हिशेब ११ जुलै ते २९ सप्टेंबर असा ८१ दिवसांचा, म्हणजे रु. ४,०५,००० चा होता. फरक दीड लाखाचा.

वडिलांनी २० ऑगस्टचे ते पत्र पुढे केले. त्यात "कागद मागविण्यात आले आहेत" असे होते. हरवले असे कोठेही नव्हते. कागद हरवले असते तर बँकेने नक्कल काढून देण्याची तजवीज सुरू केली असती, तशीही काही केलेली नव्हती. शिवाय परत मिळालेले कागद यादीशी तंतोतंत जुळत होते. शेवटी बँकेने ८१ दिवसांची रक्कम मान्य केली आणि ती मुलीच्या खात्यात जमा झाली. दिलगिरीच्या त्या कोरड्या पत्रानेच दीड लाख रुपये मिळवून दिले असे म्हटले तरी चालेल.

समझोता झाला नाही तर लोकपाल निवाडा देतो. तेथे एक कडक अट आहे. निवाडा मान्य असल्याचे पत्र २०२१ च्या योजनेप्रमाणे तक्रारदाराने ३० दिवसांत द्यावे लागे, नाहीतर निवाडा रद्द ठरे. निवाडा आपल्या बाजूने लागला म्हणून निश्चिंत बसलेल्या माणसाचेच येथे नुकसान होते. निवाडा पटला नाही तर रिझर्व्ह बँकेतील अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, त्यालाही त्या योजनेत ३० दिवस होते. बँकेलाही अपील करता येते. परंतु मागितलेले कागद बँकेने सादर केले नाहीत म्हणून तिच्याविरुद्ध निवाडा झाला असेल, तर तिला अपिलाचा हक्क नव्हता. पोस्टाने आलेले पाकीट ज्या दिवशी मिळाले ती तारीख पाकिटावर लिहून पाकीटही जपावे, कारण सर्व दिवस मिळाल्याच्या तारखेपासून मोजले जातात.

लोकपाल काय करू शकत नाही हेही स्पष्ट असावे. कर्ज द्यावे की नाही, किती द्यावे, कोणत्या दराने द्यावे हा बँकेचा व्यापारी निर्णय मानला जातो आणि त्यात तो शिरत नाही. "माझे कर्ज नाकारले" ही तक्रार म्हणून टिकत नाही. पण आपल्या समाजासाठी यात एक वाट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदाराचा कर्ज अर्ज शाखेने स्वतः नाकारू नये, तो निर्णय वरच्या पातळीवर व्हावा आणि कारणे स्पष्ट नमूद करावीत, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने आपल्या परिपत्रकांत दिलेली आहे. शाखाधिकाऱ्याने तोंडी "होणार नाही" म्हणून अर्ज परत केला असेल, तर तक्रारीचा विषय नकार हा ठेवू नये. अर्ज वर पाठविला नाही आणि लेखी कारण दिले नाही, हा विषय ठेवावा. अर्ज दिल्याची पोच येथेही लागतेच.

ज्यांचे कर्ज पतसंस्थेचे किंवा नोकरदारांच्या सहकारी पतपेढीचे आहे, त्यांना हा मार्ग नाही. त्या संस्था सहकार खात्याखाली येतात आणि त्यांची तक्रार उपनिबंधकांकडे करावी लागते. मागासवर्गीय विकास महामंडळाच्या योजनेत बँकेचा आणि महामंडळाचा असे दोन हिस्से असतात. बँकेच्या हिश्शाची तक्रार या लेखात सांगितल्याप्रमाणे करावी, महामंडळाच्या हिश्शाची महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात करावी. दोन्ही एका अर्जात घातल्यास दोन्हीकडून परत येतात.

कागद हाती आल्यावर शाखेतच बसून यादीशी एकेक ताडून पाहावे आणि मगच पोच द्यावी. करारनाम्याची पाने मोजावीत. भाग दाखला बहुधा करारनाम्यापासून वेगळ्या पाकिटात ठेवलेला असतो आणि तोच मागे राहतो. त्यानंतर दोन ठिकाणचा बोजा उतरला की नाही हे पाहावे. तारणांच्या केंद्रीय नोंदणीतील बोजा बँकेनेच उतरवायचा असतो. उतरविल्याचे लेखी मागून घ्यावे. गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात असलेली बँकेच्या बोजाची नोंद मात्र आपल्यालाच काढून घ्यावी लागते. त्यासाठी बँकेचे पत्र संस्थेच्या सचिवांकडे द्यावे आणि त्याचीही पोच घ्यावी.

ही सर्व फाईल, येणे नसल्याच्या दाखल्यासह, घराच्या कागदांसोबत ठेवावी. कर्ज फिटल्यानंतर काही वर्षांनी पतमाहिती अहवालात जुनेच कर्ज चालू दिसल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत, आणि त्या वेळी पहिला कागद हाच मागितला जातो.